मीटर बिघडलेला नाही: सिरीज सर्किटमधल्या व्होल्टेजच्या बेरजेविषयी

«फेझर ही फक्त परीक्षेपुरती युक्ती आहे. प्रवाह एकच वाहतो, तेव्हा R, XL आणि XC सरळ मिळवा. तिन्हींवरच्या व्होल्टेजची बेरीज सप्लायइतकी आली नाही तर मीटर बिघडला समजा. रेझोनन्सला L आणि C वरचे व्होल्टेज एकमेकांना खाऊन टाकतात, तिथे काही उरत नाही, म्हणून सप्लायइतक्या व्होल्टचा कोणताही कॅपॅसिटर चालतो.»

हा संदेश गेल्या आठवड्यात माझ्या भाचीच्या हातात पडला. ती पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिने प्रयोगवहीत अगदी बरोबर घेतलेली तीन निरीक्षणे या संदेशावर विश्वासून खोडली आणि मला विचारले, "मामा, आमचा मीटर बदलून मागू का?" मीटर ठणठणीत आहे. खोडलेले आकडेच या प्रतिवादाचा आधार आहेत, म्हणून आधी तेच सांगतो.

सर्किट साधे होते. 12 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, 100 ओहमचा रेझिस्टर, ट्यूबलाइटचा जुना तांब्याच्या तारेचा चोक आणि 8 मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर, हे सगळे एकामागोमाग एक जोडलेले. मीटरने रेझिस्टरवर 7.4, चोकवर 23.3 आणि कॅपॅसिटरवर 29.3 व्होल्ट दाखवले. बेरीज 60 व्होल्ट, सप्लाय मात्र 12.

संदेश लिहिणाऱ्याने किरचॉफचा नियम मनात धरला असावा, आणि तेवढ्यापुरते त्याचे बरोबर आहे, हे मला नाइलाजाने मान्य करावे लागते. कोणत्याही एका क्षणी तिन्ही घटकांवरच्या व्होल्टेजची चिन्हांसह बेरीज त्या क्षणीच्या सप्लायइतकीच असते. पण मीटर त्या क्षणाचे व्होल्टेज दाखवत नाही. तो आरएमएस मूल्य दाखवतो, आणि त्या मूल्यात शिखर कधी आले याची नोंदच नसते. 50 हर्ट्झला एक आवर्तन 20 मिलिसेकंदांचे असते. शुद्ध इंडक्टरवरचे व्होल्टेज प्रवाहाच्या 5 मिलिसेकंद आधी शिखर गाठते आणि कॅपॅसिटरवरचे 5 मिलिसेकंद नंतर, म्हणजे या दोघांत अर्ध्या आवर्तनाचे अंतर पडते आणि एक जेव्हा पूर्ण धन असते तेव्हा दुसरे पूर्ण ऋण असते. वेगवेगळ्या वेळी आलेल्या शिखरांची बेरीज करून तिला सप्लाय म्हणणे हीच मूळ चूक आहे.

फेझर नेमकी ही हरवलेली वेळ कोनाच्या रूपात परत आणतो. पाव आवर्तन म्हणजे 90 अंश. भाचीला मी आलेखाच्या कागदावर 1 सेंटिमीटरला 2 व्होल्ट असे प्रमाण घ्यायला सांगितले. सिरीजमध्ये प्रवाह सगळीकडे सारखा असल्यामुळे प्रवाहाची दिशा आडवी धरली. त्या दिशेने रेझिस्टरचे 3.7 सेंटिमीटर, त्याच्या टोकापासून चोकचे साधारण 11.6 सेंटिमीटर वरच्या बाजूला आणि तिथून कॅपॅसिटरचे 14.6 सेंटिमीटर सरळ खाली. चोकची रेषा मात्र उभी काढायची नाही. त्याच्या तारेलाही रेझिस्टन्स असतो, जो मल्टिमीटरवर 40 ओहम भरला होता, त्यामुळे ती रेषा आडव्या दिशेशी सुमारे 83 अंशांचा कोन करते. सुरुवातीच्या बिंदूपासून शेवटच्या टोकापर्यंत पट्टी लावली तेव्हा 6 सेंटिमीटर आले, म्हणजे 12 व्होल्ट.

सरळ मिळवण्याच्या सल्ल्याचा निकाल याच आकड्यांवर लागतो. चोकचे इंडक्टन्स 1 हेन्री आहे, म्हणून XL = 2πfL म्हणजे 314 ओहम, आणि XC = 1/(2πfC) म्हणजे 398 ओहम. एकूण रेझिस्टन्स 140 ओहम. सगळे सरळ मिळवले तर 852 ओहम होतात आणि प्रवाह 14 मिलिअँपिअर यायला हवा. मीटरवर 74 मिलिअँपिअर होते, म्हणजे पाचपटीहून जास्त. रिअॅक्टन्स एकमेकांविरुद्ध दिशेचे असल्याने त्यांची वजाबाकी होते आणि रेझिस्टन्स त्यांच्याशी काटकोनात असतो, म्हणून

Z = √(R² + (XL − XC)²) = √(140² + 84²) ≈ 163 ओहम

आणि 12 भागिले 163 म्हणजे 74 मिलिअँपिअर. येथे विद्यार्थ्यांची एक नेहमीची चूक सांगतो: R च्या जागी फक्त रेझिस्टरचे 100 ओहम घातले, तर उत्तर 92 मिलिअँपिअर येते आणि प्रयोग "जुळत नाही". चोकच्या तारेचे 40 ओहम विसरल्याची ती खूण असते.

आता त्या संदेशातल्या ज्या वाक्याने मला खरोखर संताप आला, त्याकडे येतो. कॅपॅसिटर 8 ऐवजी 10 मायक्रोफॅरडचा घेतला की XC 318 ओहम होतो आणि XL जवळजवळ तितकाच असल्याने हे सर्किट रेझोनन्सच्या अगदी जवळ येते. L आणि C यांचे व्होल्टेज एकमेकांना छेद देतात हे खरे, पण ते सर्किटच्या दोन टोकांमधल्या बेरजेत. कॅपॅसिटरच्या स्वतःच्या दोन पायांमध्ये त्याचे व्होल्टेज पूर्णपणे उभे असते. इम्पिडन्स 140 ओहमवर उतरतो, प्रवाह 86 मिलिअँपिअर होतो आणि 12 व्होल्टच्या सप्लायवर कॅपॅसिटरला 27 व्होल्ट सोसावे लागतात, ज्यांचे शिखर 38 व्होल्टच्या वर जाते. रेझिस्टर काढून टाकला तर प्रवाहाला अडवायला चोकचे 40 ओहमच उरतात आणि गणिताने कॅपॅसिटरवर 95 व्होल्ट येतात. ट्रान्सफॉर्मरच्या तारेचा रेझिस्टन्स धरला तर प्रत्यक्षात थोडे कमी मिळतील, पण 12 च्या आसपास नक्कीच नाही.

सप्लाय 12 व्होल्टचा म्हणून कोणी 16 व्होल्टचा इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर तिथे लावला, तर दुहेरी संकट आहे. व्होल्टेज झेपणार नाही, शिवाय त्याला धन-ऋण टोके असल्यामुळे एसीच्या प्रत्येक उलट्या अर्ध्या आवर्तनात आत वायू धरतो, डबी फुगते आणि फुटते. हीच चूक 230 व्होल्टच्या लाइनवर केली तर 100 ओहमच्या रेझिस्टरसकटही गणित कॅपॅसिटरवर 500 व्होल्टच्या वर जाते. चोकचा लोखंडी गाभा तेवढ्या प्रवाहाला संपृक्त होऊन हा आकडा बदलेल, पण त्या भरवशावर 440 व्होल्टचा पंख्याचा कॅपॅसिटरही तिथे लावू नये. वीज बंद केल्यावरही कॅपॅसिटरमध्ये भार राहतो, म्हणून त्याला हात लावण्याआधी तो रेझिस्टरमधून रिकामा करावा लागतो.

राहिला परीक्षेपुरत्या युक्तीचा मुद्दा. चार्ल्स स्टाइनमेट्झ यांनी 1893 साली शिकागोच्या आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेत एसी सर्किटचे गणित संमिश्र संख्यांनी मांडले, ते परीक्षार्थींसाठी नव्हे. ते स्वतः कारखान्यातले अभियंते होते आणि यंत्रांच्या गणितातली विकलक समीकरणे त्यांना साध्या बीजगणितावर आणायची होती. Z = R + j(XL − XC) हे त्याच पद्धतीचे लिखाण आहे आणि आलेखाच्या कागदावरची भाचीची आकृतीही तेच सांगते. मर्यादा आहे ती वेगळीच: फेझर एकाच वारंवारतेच्या, स्थिरावलेल्या साइन लहरीला लागू पडतो. स्विच दाबल्यानंतरच्या पहिल्या काही आवर्तनांना तो जसाच्या तसा लागू होत नाही, आणि चौकोनी लहर देणाऱ्या इन्व्हर्टरवर प्रत्येक वारंवारतेचा हिशेब वेगळा करावा लागतो.

भाचीने खोडलेली निरीक्षणे पुन्हा लिहिली आहेत, शेजारी ती आकृती चिकटवली आहे आणि चोकचे 40 ओहम वेगळ्या ओळीत नोंदवले आहेत.