यादी उघडी की बंद? कळूच देऊ नका

तुम्हाला करार लिहायचा आहे, आणि तो सह्या झाल्यावर दोन्ही बाजूंच्या वकिलांना निदान दोन-तीन वर्षं पुरेल असा हवा आहे. मग दर, मुदत, दंड असल्या कलमांत डोकं घालू नका. ती कलमं लोक डोळ्यांत तेल घालून वाचतात. तुमचं कसब दाखवायची जागा त्याच्या आधी आहे: व्याख्या. ‘उपकरण म्हणजे काय हे आता आम्हाला शिकवणार का’ असं म्हणत भलेभले ते पान उलटून पुढे जातात.

या पानावर तुमच्या हाताशी दोन शब्दप्रयोग आहेत. ‘म्हणजे’ लिहिलंत की यादी बंद होते; जे लिहिलंय तेवढंच, बाहेरचं काही आत येत नाही. ‘यांचा समावेश होतो’ लिहिलंत की यादी उघडी राहते. शब्दाचा रोजचा अर्थ जागच्या जागी राहतो आणि यादीतल्या गोष्टी त्यात भर म्हणून येतात. नियम इतका सोपा आहे की तो पाळण्याचा मोह होईल. तो आवरा.

समजा, एका कार्यालयाला आपल्या यंत्रांची देखभाल एका कंत्राटदाराकडे सोपवायची आहे. वर्षाची ठरावीक रक्कम, त्यात सगळी ‘कार्यालयीन उपकरणे’ चालू ठेवायची. तुम्ही व्याख्या अशी लिहा: “कार्यालयीन उपकरणे म्हणजे व त्यांत संगणक, प्रिंटर, स्कॅनर, प्रोजेक्टर, इत्यादींचा समावेश होतो.”

पुन्हा एकदा वाचा. ‘म्हणजे’ दार लावतं, ‘समावेश होतो’ ते उघडतं, आणि ‘इत्यादी’ त्या दारात पाय अडकवून उभं राहतं. एका वाक्यात याहून जास्त काय साधणार?

काही महिन्यांनी यूपीएस बंद पडतो. कार्यालय म्हणतं, दुरुस्त करून द्या. कंत्राटदार म्हणतो, यादीत यूपीएस कुठे आहे? कार्यालय ‘समावेश होतो’वर बोट ठेवतं, कंत्राटदार ‘म्हणजे’वर. कार्यालय ‘इत्यादी’ काढतं. मग कंत्राटदाराचा वकील खरी मजा सुरू करतो: ठीक आहे, यादी उघडी धरू; पण यादीत आधी जे चार सांगितलेत ते सगळे मजकूर किंवा चित्र हाताळणारे. ‘इत्यादी’मध्ये यायचं तर त्यांच्याच जातीचं हवं. यूपीएस नुसती वीज पुरवतो. यादीतल्या सामान्य शब्दाचा अर्थ शेजारच्या शब्दांच्या जातीपुरता आवळायचा, हा न्यायालयांत फार जुना आणि चालणारा युक्तिवाद आहे. तो तुम्ही एका ‘इत्यादी’च्या बदल्यात फुकट मिळवून दिलात.

आता कुणी पुस्तकी माणूस सांगेल की ‘म्हणजे व त्यात समावेश होतो’ हा जोडप्रयोग दिसतो तितका अधांतरी नाही. दुर्दैवाने ते खरं आहे. तमिळनाडूत खासगी महाविद्यालयांच्या नियमनासाठी १९७६ चे नियम होते. त्यांत ‘महाविद्यालय’ या शब्दाची व्याख्या याच जोडप्रयोगाने केली होती आणि पुढे यादी होती: कला व विज्ञान, शिक्षक-प्रशिक्षण, शारीरिक शिक्षण, प्राच्यविद्या, समाजकार्य, संगीत. अभियांत्रिकी नव्हतं. हे नियम खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना लागू होतात का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९९५ मध्ये पी. कासिलिंगम खटल्यात न्यायालयाने सांगितलं की दोन्ही शब्द एकत्र आले की व्याख्या परिपूर्ण, म्हणजे बंद समजायची. अभियांत्रिकी महाविद्यालयं तिच्याबाहेर. रोजच्या बोलण्यात अभियांत्रिकी महाविद्यालय हे महाविद्यालयच असतं, हे तिथे कामाला आलं नाही.

थोडक्यात, ‘समावेश होतो’ हे शब्द जोडून आपण यादी सैल केली असं तुमच्या अशिलाला वाटत असेल, तर ते वाटू द्या. ती प्रत्यक्षात घट्ट झालेली असते. त्याला ते कळायला जितका उशीर, तितका तुमचा करार यशस्वी.

नुसता ‘समावेश होतो’ वापरला तरी निराश व्हायचं कारण नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डिलवर्थ खटल्यात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिल या अपील न्यायालयाने म्हटलं होतं की हा शब्द साधारणपणे अर्थ वाढवण्यासाठी वापरतात. मात्र संदर्भावरून दिसत असेल, तर तो ‘म्हणजे व त्यात समावेश होतो’ याच्याच तोलाचा, म्हणजे बंद यादीचाही असू शकतो. ‘संदर्भावरून’ हा शब्द जपून ठेवा. तो संदर्भ पुरवायचं काम तुमचं आहे.

ते करायची उत्तम रीत म्हणजे एकाच करारात वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या मूडमध्ये लिहिल्यासारख्या व्याख्या. ‘उपकरणे’च्या व्याख्येत नुसतं ‘यांचा समावेश होतो’ लिहा. दोन ओळी खाली ‘दुरुस्ती’च्या व्याख्येत मात्र लिहा: ‘यांचा समावेश होतो, परंतु तेवढ्यापुरते मर्यादित नाही’. ही शेपूट लोक काळजीपोटी जोडतात. तुम्ही ती काही ठिकाणी जोडा आणि काही ठिकाणी विसरा. मग कंत्राटदाराचा वकील शांतपणे विचारेल: यांना यादी उघडी ठेवायची होती तिथे यांनी तसं स्पष्ट लिहिलंय. ‘उपकरणे’मध्ये लिहिलं नाही. म्हणजे तिथे ठेवायची नव्हती, नाही का? याला चटकन उत्तर सुचत नाही. एका व्याख्येला दिलेलं संरक्षण शेजारच्या व्याख्येच्या मुळावर येतं. (दुसऱ्या कुठल्यातरी करारातून परिच्छेद उचलून चिकटवलेत तर ही विसंगती आपोआप मिळते, वेगळे कष्ट नकोत.)

काही अरसिक लोक हे सगळं एका ओळीत मोडून काढतात. अर्थनिर्णयाच्या कलमात एकदाच लिहून टाकतात की या करारात ‘समावेश होतो’ जिथे जिथे येईल तिथे यादी उदाहरणादाखल समजावी, आणि मग कुठेच शेपूट लावत नाहीत. अशी ओळ तुमच्या मसुद्यात शिरली, तर निदान एका व्याख्येत शेपूट तशीच राहू द्या. सगळं हातचं जाणार नाही.

वगळण्याच्या वाक्याकडे बहुतेक नवशिके दुर्लक्ष करतात, म्हणून त्यावर जरा थांबतो. बंद यादी केलीत, “कार्यालयीन उपकरणे म्हणजे संगणक, प्रिंटर, स्कॅनर व प्रोजेक्टर”, की तिच्याखाली लगेच लिहा: “मात्र यांत वातानुकूलन यंत्राचा समावेश होत नाही.” वाचणाऱ्याला वाटेल, किती काळजी घेतली आहे! पण वातानुकूलन यंत्र त्या चारांत मुळात नव्हतंच. जे आत नाही ते बाहेर काढायची गरज का पडली? म्हणजे लिहिणाऱ्याच्या मनात यादी चारांपुरती नसावी. काहीतरी आत येऊ शकत होतं म्हणूनच एक बाहेर काढलं. यूपीएसवाल्या कार्यालयाला याहून चांगली भेट कोणती? ‘म्हणजे’ने घट्ट लावलेली कडी त्याच कलमातल्या वगळण्याने खिळखिळी केलीत.

हेच वगळणं बिनधोक कधी होतं, तेही सांगतो, म्हणजे टाळता येईल. कुणी असं लिहिलं समजा: “कार्यालयीन उपकरण म्हणजे कार्यालयाच्या कामासाठी वापरलं जाणारं, विजेवर चालणारं कोणतंही यंत्र, त्यात अशा यंत्राला अखंड वीज पुरवणाऱ्या यूपीएसचा समावेश होतो, मात्र वातानुकूलन यंत्राचा समावेश होत नाही.” इथे ‘म्हणजे’पुढे यादी नाही, वर्णन आहे. ‘समावेश होतो’ फक्त त्या एका वस्तूसाठी आलंय, जी वर्णनात बसते की नाही यावर वाद होऊ शकला असता. वातानुकूलन यंत्र वर्णनात खरोखर बसलं असतं, म्हणून त्याला वगळायला अर्थ आहे. दोन्ही शब्द एकाच व्याख्येत आहेत, पण एकमेकांच्या अंगावर येत नाहीत. प्रत्येकाचं काम वेगळं. अशा व्याख्येवर भांडायला जागाच उरत नाही, आणि म्हणून तुमच्यासारख्या महत्त्वाकांक्षी माणसाने ती लिहू नये.

त्याहून कंटाळवाणी एक रीत आहे. खरोखरच ठरावीक यंत्रांपुरतं कंत्राट असेल तर हे लोक लिहितात: “कार्यालयीन उपकरणे म्हणजे अनुसूची १ मध्ये नमूद केलेली उपकरणे”, आणि अनुसूचीत एकेका यंत्राचा अनुक्रमांक घालतात. नवं यंत्र आलं की दोघांच्या सहीने अनुसूची बदलतात. यात ना ‘इत्यादी’, ना ‘तत्सम’.

हो, ‘तत्सम’ विसरू नका. “म्हणजे संगणक, प्रिंटर, स्कॅनर आणि तत्सम इतर उपकरणे” हे दिसायला बंद आणि वागायला उघडं असतं. कशाशी सम, हे सांगायचं नाही एवढं पथ्य पाळा.

मसुदा तयार झाला की एक चाचणी लोक घेतात. तुमच्या करारात ती नापास व्हायला हवी. यादीत नसलेली एक वस्तू घ्यायची, म्हणजे इथे यूपीएस, आणि लिहिणाऱ्याला विचारायचं: ही आत की बाहेर? उत्तर ‘आत’ किंवा ‘बाहेर’ असं लगेच आलं आणि व्याख्येतले शब्दही तेच सांगत असले, तर तुमची मेहनत वाया गेली. ‘तसं बघितलं तर आत, पण लिहिलं नाहीये’ असं उत्तर आलं तर उत्तम. दुसरा संगणकावरचा प्रकार: ‘समावेश’ शब्द शोधून प्रत्येक ठिकाण एकाखाली एक काढतात आणि सगळीकडे रचना तीच आहे का बघतात, मग ‘म्हणजे’चं तसंच. दहा मिनिटांचं काम आहे, त्यामुळे कुणी करत नाही. तरीही सावधगिरी म्हणून एका ठिकाणी ‘समाविष्ट आहे’, दुसरीकडे ‘धरले जाईल’ आणि तिसरीकडे ‘अंतर्भूत होते’ असं लिहा. शोधणाऱ्याला निम्मी ठिकाणं सापडणारच नाहीत, आणि शब्द वेगळा आहे म्हणजे अर्थही वेगळा असणार, हा एक ताजा वाद वरून मिळेल.

शेवटी व्याख्यांच्या डोक्यावर नेहमीचं वाक्य असेलच: “संदर्भानुसार दुसरा अर्थ अपेक्षित नसेल तर”. ते काढू नका. कायद्यांतही ते असतं आणि तिथे त्याला काम असतं. तुमच्या करारात ते त्या पक्षासाठी आहे, ज्याचे ‘म्हणजे’, ‘समावेश होतो’ आणि ‘इत्यादी’ हे तिन्ही युक्तिवाद संपले आहेत आणि यूपीएस अजून बंदच आहे.