बिग बॉसचा आठवडा कधी संपतो?

आमच्या घरात शेताच्या बांधावरून झाली नसतील एवढी भांडणं बिग बॉस मराठीच्या घरातून 'कोण कोणत्या आठवड्यात गेलं' यावरून झाल्यात. परभणीत उन्हाळ्यात माणूस आधीच तापलेला असतो, त्यात काकू म्हणते, "पाचव्या सीझनला पहिल्या आठवड्यात कुणीच गेलं नाही!" आन् भाचा ओरडतो, "अगं आज्जी, पुरुषोत्तमदादा गेले की!"

पंच मी, म्हणजे शिव्या दोन्हीकडून.

काकूनं भिंतीवरचं कॅलेंडर काढून समोर टाकलं, त्याच्यावर दुधाचे लिटर अन् कोण गेलं ते एकाच पेनानं लिहिलेलं. सीझन चालू झाला २८ जुलै २०२४ला, वार रविवार. पुरुषोत्तमदादा गेले ४ ऑगस्टला, तोबी रविवार. कॅलेंडरात आठवडा रविवारपासून सुरू होतो, म्हणून काकूच्या हिशोबानं ते दुसऱ्या आठवड्यात गेले. हिशोबात चूक काढून दाखवा बरं! पण बिग बॉसचा आठवडा पंचांगावर चालत नाही ना. कोण बाहेर जाऊ शकतं त्याचं नॉमिनेशन झालं, मग लोकांनी व्होट दिले, शनिवार-रविवारी रितेश देशमुखच्या 'भाऊचा धक्का' या भागात निकाल लागला, की तो आठवडा खलास. रविवार हा त्या आठवड्याचा शेपूट, नव्याचं तोंड नाही. एवढं समजवायला चहाचे दोन राऊंड गेले.

मग आर्या निघाली. १४ सप्टेंबरला, शनिवारी. आता कसंबी मोजा, सातवाच आठवडा येतो, मला वाटलं सुटलो. कसलं काय! भाचा म्हणे ती 'गेली'मधे धरायचीच नाही, कारण तिला व्होटनं नाही काढलं, आपल्या संभाजीनगरच्या निक्कीला मारलं म्हणून घराबाहेर केलं. इथं पोरगं बरोबर होतं. एविक्शन म्हणजे नॉमिनेट झालेल्यांत ज्याला कमी व्होट तो बाहेर, आर्याचं तसं नव्हतं. म्हणून मी दोन रकाने पाडले, 'व्होटनं गेले' अन् 'काढून टाकले'.

या व्होटवरूनच खरी गंमत कळली. इथं व्होट वाचवायला असतो, काढायला नाही. ब्रिटनमधी बिग ब्रदरला लोक बहुतेक वेळा काढायलाच व्होट द्यायचे, पण काकू काय ब्रिटनला गेली नव्हती. तिनं सीझनभर जावयाच्या फोनवरून जे तिला नको त्यांच्याच नावावर बोट दाबलं होतं अन् वर "इतकं करूनबी हा जातच कसा नाही" म्हणून टीव्हीला शिव्या घातल्या होत्या.

मी सांगितल्यावर काकू गप बसली. भाचा मात्र लगेच पेन घेऊन आला, म्हणे "मामा, तिसरा रकाना पाड, फिनालेला जान्हवी ९ लाख घेऊन आपणहून बाहेर पडली, तिला कुठं लिहू?"

काकू म्हणाली, "तिला पहिल्या नंबरवर लिही."