वहिनींची पहिली गाडी आणि एक निळी बादली

गेल्या महिन्यात वहिनींसाठी गाडी बघायला फिरलो त्याबद्दल लिहायचं राहिलं होतं. वहिनींची उंची पाच फूट, लायसन्स येऊन दीड वर्ष झालं पण क्लासची गाडी सोडून कशालाच हात लावलेला नाही, कारण क्लासवाल्याने स्वतःच्या पायाखाली वेगळे पेडल ठेवून महिनाभर गाडी स्वतःच चालवली 😅

दादाचं म्हणणं, एकदाच मोठी घेऊन टाकू, परत परत कोण बदलणार. शोरूममधला पोरगा सनरूफ, टचस्क्रीन, सहा एअरबॅग असं सगळं सांगत होता (एअरबॅग हव्याच, त्याबद्दल वाद नाही). पण वहिनी सीटवर बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "भाऊजी, मला बॉनेट कुठे संपतंय तेच कळत नाहीये." माझ्या मते अर्धी भीती तिथेच असते. गाडीचं टोक दिसत नाही म्हणून माणूस घाबरतो आणि आपण म्हणतो आत्मविश्वास नाही.

म्हणून मग एक बादलीचा प्रयोग केला. साधी निळी, फूटभर उंचीची. वहिनी सीट नीट करून बसल्या, मी बादली बंपरला टेकवून ठेवली आणि एकेक पाऊल मागे सरकवत गेलो, त्यांना तिची कड दिसली की थांबायचं. पहिल्या एसयूव्हीला मी एवढा मागे गेलो की पोरगा विचारायला लागला साहेब काय चाललंय. मग सीटच्या बाजूचा खटका ओढून सीट वर घेतली तर बादली बरीच जवळ दिसायला लागली! हा खटका स्वस्त व्हेरिअंटला बऱ्याचदा नसतो आणि उंची कमी असेल तर सनरूफपेक्षा त्याला पैसे द्या. उशी घेऊन भागवू नका, ती ब्रेक मारताना सरकते आणि सीटबेल्ट पण नीट बसत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे काचेच्या बाजूचा तो जाड खांब. आपण उजव्या बाजूला बसतो त्यामुळे उजवा खांब तोंडाला जवळ पडतो, आणि उजवीकडे वळताना नेमकी एखादी स्कूटी त्याच्या मागे लपते. मी समोर उजवीकडे हळूहळू चालत गेलो, वहिनींनी "आता दिसेनासे झालात" म्हणायचं. एका गाडीत मी पूर्ण गायब! दुसऱ्यात खांब बारीक, पुढे छोटी काच, हात-पाय तरी दिसत होते. मागच्या दाराची काच शेवटाकडे वर चढत जाते ती डिझाईन फोटोत भारी दिसते, पण डावीकडून येणारा बाईकवाला तिथे गिळला जातो आणि रिव्हर्स कॅमेरा त्यात काही मदत करत नाही, तो फक्त सरळ मागचं दाखवतो.

साईजचं म्हणाल तर आकडे कागदावर फुटकळ वाटतात. बलेनोची रुंदी 1745 मिमी, वॅगनारची 1620, म्हणजे साधारण अर्ध्या वितीचा फरक. पण आमच्या सोसायटीच्या गेटमध्ये दोन्ही बाजूंना तीच अर्धी वीत वाटून मिळते आणि वहिनींचा श्वास तिथेच अडकतो. लांबीतही फूटभर फरक, तो बेसमेंटमध्ये गाडी लावताना कळतो.

आता क्लच. दादाचा हट्ट मॅन्युअलच, "नाहीतर शिकणार कधी". मी म्हटलं आधी बेसमेंटच्या चढावर एक ट्रायल घेऊ. ओळखीच्यांची जुनी मॅन्युअल घेतली, तिचा क्लच खूप वर आल्यावर उचलायचा (प्लेट झिजल्याचं बऱ्याचदा हेच लक्षण, सेकंडहँड बघताना लक्षात ठेवा) आणि वहिनी तीनदा बंद पडल्या, मागे कोणीतरी हॉर्न मारत होता. अशा गाडीवर चालकाला दोष देऊन काय उपयोग.

एएमटीत, म्हणजे गिअर आपोआप बदलणाऱ्या गाडीत, क्लच पेडल नाही, ब्रेक सोडला की सपाटीवर गाडी स्वतः हळूहळू सरकते, ट्रॅफिकमध्ये तेवढं पुरतं. पण तीही पूर्ण माफ करते असं नाही. पहिल्यावरून दुसऱ्या गिअरला झटका देते, आणि चढावर हिल होल्ड नसेल तर ब्रेकवरून पाय अॅक्सिलरेटरवर जाईपर्यंत मागे येते. हिल होल्ड असेल तर ब्रेक दोनेक सेकंद धरून ठेवतं, तेवढ्या वेळात पाय बदलून होतो. ट्रायल घ्याल तेव्हा सेल्समन नेतो त्या सपाट रस्त्यावर नको, चढावर थांबवून बघा.

शेवटी 2023 ची सेकंडहँड एएमटी वॅगनार घेतली. सीट मुळातच उंच, काचा मोठ्या, आकार डब्यासारखा, दादा अजून त्याला डबाच म्हणतो. रविवारी सकाळी सहाला वहिनी एकट्या कर्वे रोडपर्यंत जाऊन दूध घेऊन आल्या. डाव्या आरशाला गेटची एक रेघ लागलीय, ती कोणी विचारू नका असं त्यांनी आधीच सांगितलंय.