सूर्यफूल-करडई तेल, ओमेगा-6 आणि एलडीएल: दाव्यातलं खरं किती?

«सूर्यफूल आणि करडई तेलातलं ओमेगा-6 शरीरात जाऊन सूज वाढवतं. एलडीएल कमी होतं म्हणतात, पण सिडनीच्या अभ्यासात करडई तेल खाणारेच जास्त मेले. लोणी खा, ही तेलं फेकून द्या.»

आधी सूज. या तेलांतलं ओमेगा-6 म्हणजे मुख्यतः लिनोलेइक आम्ल. शरीर त्यापासून अ‍ॅराकिडोनिक आम्ल बनवू शकतं आणि त्यातून दाह वाढवणारे काही रेणू तयार होतात. इथपर्यंत बरोबर आहे. पण हे रूपांतर शरीर घट्ट लगाम घालून करतं. आहारातलं लिनोलेइक आम्ल कित्येक पटींनी वाढवलं तरी रक्तातलं अ‍ॅराकिडोनिक आम्ल जवळपास जागेवरच राहतं, असं माणसांवरच्या प्रयोगांत दिसलं. सीआरपीसारखे दाहाचे निर्देशकही निरोगी माणसांत वाढले नाहीत. कागदावर काढलेली रासायनिक साखळी आणि शरीरात प्रत्यक्ष घडणारी गोष्ट यांत इथे मोठं अंतर आहे.

एलडीएल, म्हणजे रक्तातलं ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, कमी होतं, हे तर दाव्यातही मान्यच आहे. ते का आणि किती, हे कळलं की बाकीचं सोपं होतं. यकृताच्या पेशींवर एलडीएल रक्तातून ओढून घेणारे ग्राही असतात. लोणी-तुपातला संपृक्त मेद जास्त असला की त्यांचं काम मंदावतं. त्याच्या जागी लिनोलेइक आम्ल आलं की ते पुन्हा जोमाने चालतं. नियंत्रित आहाराच्या प्रयोगांतून निघालेलं माप असं आहे: रोजच्या उष्मांकांपैकी 1 टक्का संपृक्त मेदाऐवजी लिनोलेइक आम्लासारख्या बहुअसंपृक्त मेदातून घेतला, तर एलडीएल सरासरी 2 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर उतरतं.

हिशोब करून पाहू. रोजचा आहार 2000 उष्मांकांचा आहे आणि त्यातल्या 25 ग्रॅम लोण्याच्या जागी 20 ग्रॅम साधं सूर्यफूल तेल आलं. दोन्हींत मेद साधारण 20 ग्रॅमच. लोण्यात संपृक्त मेद जवळपास 13 ग्रॅम होता, तेलात तो 2 ग्रॅमच्या थोडा वर आहे. म्हणजे साडेदहा ग्रॅम कमी झाला. एका ग्रॅमचे 9 उष्मांक धरले तर 95, म्हणजे रोजच्या उष्मांकांचे पावणेपाच टक्के. एलडीएल साधारण 10 ने उतरेल: 140 असेल तर 130.

बहुतेकांचं चुकतं ते इथे. लोणी तसंच ठेवून वरून तेल वाढवलं, तर संपृक्त मेद कमी होत नाही आणि हा फायदा बहुतांशी हातचा जातो. फरक मुख्यतः अदलाबदलीमुळे पडतो. दुसरं, एकाच माणसाचं एलडीएल दोन तपासण्यांत औषध-आहार न बदलताही 8-10 टक्के वरखाली होतं. त्यामुळे 10 चा फरक एका अहवालात हरवू शकतो. बदल केल्यावर सहा आठवडे थांबून तपासणी करावी आणि काही दिवसांनी पुन्हा एकदा करून सरासरी पाहावी.

आता सिडनी, कारण दाव्यातला सगळ्यात वजनदार भाग हाच आहे आणि तो झटकून टाकणं योग्य नाही. 1966 ते 1973 दरम्यान हृदयविकाराची घटना नुकतीच होऊन गेलेल्या 458 पुरुषांवर हा प्रयोग झाला. 2013 मध्ये जुनी माहिती पुन्हा तपासली, तेव्हा करडई गटात 17.6 टक्के आणि नेहमीचा आहार घेणाऱ्या दुसऱ्या गटात 11.8 टक्के मृत्यू आढळले. आकडे खरे आहेत. पण त्या गटाने करडई तेलासोबत करडईचं मार्गारीनही खाल्लं, आणि त्या काळच्या मार्गारीनमध्ये हृदयाला घातक असा ट्रान्स मेद असे. लिनोलेइक आम्ल उष्मांकांच्या सुमारे 15 टक्क्यांवर नेलं होतं, जे रोजच्या साध्या स्वयंपाकात सहसा होत नाही. वरच्या उदाहरणात ते उष्मांकांच्या सुमारे 5 टक्क्यांइतकं वाढलं. शिवाय लॉस एंजेलिसमध्ये 846 पुरुषांवर झालेल्या प्रयोगात करडईसह इतर वनस्पती तेलांच्या गटात हृदयविकाराच्या घटना कमी झाल्या. सिडनीवरून एवढंच म्हणता येतं की ओमेगा-6 अतोनात वाढवू नये.

एक गोष्ट मात्र दावा करणाऱ्यांच्या बाजूची आहे: लिनोलेइक आम्लाचं ऑक्सिडीकरण लवकर होतं. म्हणूनच तळणीला साधं सूर्यफूल तेल पुन्हा पुन्हा तापवू नये. ते काळपट झालं, चिकट लागलं, फेस टिकून राहिला किंवा कमी आचेवरच धूर येऊ लागला, तर फेकावं. तळायचंच असेल तर हाय-ओलेइक प्रकार घ्यावा. पाकिटावरच्या तक्त्यात 100 ग्रॅममागे एकअसंपृक्त मेद 75 ग्रॅमच्या आसपास असेल तर तो हाय-ओलेइक; साध्या सूर्यफूल किंवा करडई तेलात बहुअसंपृक्त मेद जास्त असतो. वरच्याच उदाहरणात हाय-ओलेइक वापरलं तरी एलडीएल 8 च्या आसपास उतरेल.