आभाराच्या ईमेलमध्ये ‘आभार’ हा शब्द पहिला नको

पंचगंगेच्या बाजूच्या एका जुन्या पेठेतील छोट्या सार्वजनिक वाचनालयाचा पत्रव्यवहार मी गेली काही वर्षे सांभाळतो. ऑगस्ट २०१९च्या महापुरात आमच्या खालच्या मजल्यावर पाणी शिरले आणि त्यानंतरच्या काही महिन्यांत कोल्हापूर, पुणे, मुंबई आणि परदेशातूनही लोकांनी पैसे, कपाटे, पुस्तके, लाकडी पॅलेट असे बरेच काही पाठवले. त्या सगळ्यांना मी मोठ्या तळमळीने आभाराचे ईमेल पाठवले आणि त्यांतील बहुतेकांना उत्तरच आले नाही. लोकांना आभाराची अपेक्षा नसते, असे म्हणून मी स्वतःची समजूत घातली होती. पुढे एका देणगीदार काकांशी फोनवर बोलताना खरे कारण कळले. ते म्हणाले, “अहो, तुमचा तो मेल मदतीच्या आवाहनाचा वाटला. एकदा दिले आहेत, आता पुढच्या वर्षी बघू, म्हणून उघडलाच नाही.”

फोन ठेवल्यावर मी तोच मेल माझ्या दुसऱ्या पत्त्यावर पाठवला आणि न उघडता, मोबाईलच्या यादीत तो कसा दिसतो ते पाहिले. यादीत मुख्यतः तीन गोष्टी दिसतात: पाठवणाऱ्याचे नाव, विषयाची ओळ आणि मजकुराची सुरुवात. फोन उभा धरला तर मराठीतल्या विषयाचे पाच-सहा शब्द दिसतात आणि मजकुराचेही साधारण एका ओळीत मावेल तेवढेच. माझ्या मेलचा विषय होता ‘आभार पत्र’. त्याखाली दिसत होते, ‘॥ श्री ॥ नोंदणी क्रमांक’ आणि पुढे आकडे. छापील लेटरहेडचा मजकूर मी मेलच्या डोक्यावर जसाच्या तसा चिकटवला होता आणि मेलच्या यादीला शोभेची ओळ कोणती व मतलबाची कोणती हे कळत नाही. ती मजकुरातले पहिले शब्द उचलते आणि दाखवते.

लेटरहेड काढून टाकले तेव्हा पुढे आले ते ‘माननीय महोदय, साष्टांग नमस्कार विनंती विशेष’. कागदावरच्या पत्रात हा मायना योग्यच आहे, पण यादीत तो सगळी जागा खातो आणि शेवटी डोळ्यांना दिसतो तो शब्द ‘विनंती’. मायनाही कमी केल्यावर खरे पहिले वाक्य दिसू लागले आणि मला माझी मुख्य चूक सापडली. ते वाक्य असे होते: ‘ऑगस्ट २०१९मध्ये आलेल्या महापुरात आपल्या वाचनालयाचे जे अपरिमित नुकसान झाले, त्यातून सावरण्यासाठी आपण जे बहुमोल सहकार्य केले, त्याबद्दल आम्ही आपले मनःपूर्वक आभारी आहोत.’ व्याकरणात दोष नाही, भावनाही खरी आहे. परंतु यादीत ते ‘महापुरात आपल्या वाचनालयाचे जे अपरिमित नुकसान’ इथेच तुटत होते. मराठीत क्रियापद शेवटी येते. त्यामुळे वाक्य लांबले की आभार शेवटच्या टोकाला जातात आणि आपत्ती तेवढी पुढे राहते. वाचणाऱ्याला दिसते ती पुराची बातमी, आणि पुराची बातमी देणारा अनोळखी मेल म्हणजे पैशांची मागणी, असा अर्थ कोणीही लावील. काकांचे काहीच चुकले नव्हते.

तेव्हापासून माझे मत असे झाले आहे की आभाराच्या मेलचे पहिले वाक्य आखूड असावे आणि त्यात समोरच्याने दिलेल्या वस्तूचे पुढे काय झाले ते सांगावे. आभार मानण्याचे वाक्य दुसरे किंवा तिसरे आले तरी चालते. विषयाच्या ओळीतही तीच वस्तू असावी. ‘आभार’, ‘मनःपूर्वक आभार’, ‘कृतज्ञता’ हे शब्द बँका, विमा कंपन्या आणि दुकाने रोज इतक्या वेळा पाठवतात की त्या शब्दांवरून मेल माणसाने लिहिला आहे हे ओळखूच येत नाही.

त्याच काकांना मी पुन्हा लिहिले. ते निवृत्त अभियंते, बालपण आमच्याच पेठेत गेलेले, आता पुण्यात राहतात. त्यांनी एका लोखंडी कपाटाचे पैसे दिले होते आणि देताना एक सूचना केली होती की कपाट थेट फरशीवर ठेवू नका, आधी चौथरा बांधा. नव्या मेलचा विषय मी लिहिला, ‘कोल्हापुरातले तुमचे कपाट पुस्तकांनी भरले’. पाचच शब्द असल्याने शेवटचे क्रियापदही फोनवर दिसते. मजकूर असा सुरू केला: ‘काका, सप्रेम नमस्कार. तुम्ही सांगितला तसा दीड फुटाचा चौथरा आधी बांधला आणि मगच कपाट बसवले.’ त्यानंतर सर्वांत खालची फळी मुद्दाम रिकामी ठेवली आहे हे सांगितले, वरच्या फळ्यांवर कोणती पुस्तके लावली ते लिहिले आणि मग आभार मानले. त्याच संध्याकाळी त्यांचे उत्तर आले. खालच्या फळीवर जुनी वर्तमानपत्रे ठेवा, पाणी आलेच तर ती गेली तरी चालतील, असा सल्लाही त्यात होता.

या दोन वाक्यांत काम केले ते चौथऱ्याने. ‘तुमच्या मोलाच्या सूचनेनुसार’ असे लिहिले असते तर ते कोणालाही लागू पडले असते; चौथऱ्याची सूचना मात्र एकाच माणसाची होती. पहिले वाक्य लिहिताना मी आता स्वतःला एक प्रश्न विचारतो: हेच वाक्य दुसऱ्या देणगीदाराला पाठवता येईल का? येत असेल, तर ते खोडतो.

आमचे अध्यक्ष आण्णा जुन्या वळणाचे आहेत आणि मायना छाटणे त्यांना पटले नाही. “मोठ्या माणसाला असे एकदम कपाटावर यायचे का?” हा त्यांचा सवाल होता आणि तो अगदीच गैर नव्हता. आम्ही तडजोड केली. साष्टांग नमस्कार, नोंदणी क्रमांक आणि शिक्का असलेले रीतसर पत्र सोबत पीडीएफ म्हणून जाते आणि मेलमध्ये ‘काका, सप्रेम नमस्कार’ एवढेच राहते. ‘आपण’ की ‘तुम्ही’ हे मी त्या माणसाशी फोनवर कसे बोलतो त्यावरून ठरवतो. समोरासमोर ज्यांना काका, तुम्ही म्हणतो, त्यांना लेखी ‘आपण’ लिहिले की उगीच अंतर पडते. संस्थेच्या पदाधिकाऱ्याला किंवा पहिल्यांदाच लिहिताना मात्र ‘आपण’च बरे.

एक गोष्ट मला उशिरा सुचली. ‘तुमचे कपाट’ हा विषय फक्त तिथेच चालतो जिथे मेल तोच माणूस उघडतो. शिरोली एमआयडीसीतील एका कारखान्याने आम्हाला ओली पुस्तके फरशीपासून उचलून वाळवण्यासाठी बारा लाकडी पॅलेट दिले होते. त्यांचा पत्ता कार्यालयाचा. मेल आधी लिपिक उघडतो, मालक नाही. तिथे मी ‘तुमचे पॅलेट’ लिहिले आणि लिपिकाने तो मेल, बहुधा मालाची काही तक्रार समजून, स्टोअरकडे पाठवला. अशा ठिकाणी विषय तिऱ्हाइताला कळला पाहिजे: ‘वाचनालयाला दिलेले १२ पॅलेट – आभार’. इथे ‘आभार’ शब्द हवाच, कारण कागद कोणाकडे जायचा ते त्याच्यावरून ठरते. नियम केला की तो कुठे मोडायचा हेही ठरवावे लागते, त्याला इलाज नाही.

उत्सुकता वाढवणारे विषय मी एकदाच करून पाहिले. पाचशे पुस्तके देणाऱ्या एका वयस्कर ताईंना ‘ताई, तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे’ असा विषय पाठवला. त्यांनी मेल उघडला नाही, थेट फोन केला आणि पहिला प्रश्न, “कुणाचं काही वाईट झालं नाही ना?” त्यांच्या वयाच्या माणसाला अर्धवट वाक्याने हुरहुर लागत नाही, पोटात गोळा येतो. शिवाय अशी अर्धी वाक्ये टाकून बोलावणे हा जाहिरातवाल्यांचा धंदा आहे.

आणखी एक घोळ फार जणांचा होतो, माझाही झाला. सोय म्हणून मी काहींना जुन्याच मेलवर उत्तर देऊन आभार मानले आणि त्यांचा विषय आपोआप ‘Re: बँक खात्याचा तपशील’ असा राहिला. आभारासाठी नवा मेल सुरू करावा. तसेच डीटीपीच्या फाइलमधून श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर उचलून विषयात चिकटवला तर समोर इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी उमटते, कारण ती अक्षरे त्या फॉन्टशिवाय मराठी राहतच नाहीत. विषय नेहमी युनिकोडमध्ये, त्याच जागी टंकावा. पाठवणाऱ्याच्या नावाच्या जागी आमच्याकडे नुसती इंग्रजी अक्षरे आणि आकडे दिसत होते. संगणकावर जीमेलमध्ये Settings, मग See all settings, मग Accounts and Import, मग Send mail as इथे edit info दाबून ते वाचनालयाचे नाव केले. नाव ओळखीचे दिसू लागल्यावर विषयात संस्थेचे नाव घालण्याची गरज उरली नाही आणि पाचपैकी दोन शब्द मोकळे झाले.

देणगीवरच्या प्राप्तिकर सवलतीची पावती आणि आभार एका मेलमध्ये पाठवू नयेत, असेही माझे ठाम मत आहे. पावतीचा मेल करभरणीच्या दिवसांत शोधून उघडला जातो, त्यात आकडे बघितले जातात आणि तो मिटतो. विषयात रक्कम तर कधीच लिहू नये. फोन घरात टेबलावर पडलेला असतो आणि कोणी किती दिले हे घरातल्या इतरांना सूचनेच्या पट्टीवर वाचायला मिळणे प्रत्येकाला आवडेलच असे नाही.

ज्यांनी नुसते पैसे दिले आणि ते एकत्र निधीत गेले, त्यांना लिहिणे सर्वांत अवघड जाते. ‘तुमच्या पैशांतून अमुक घेतले’ असे म्हणणे खोटे ठरते आणि कपाट चौघांना वाटून दाखवणे मला जमत नाही. अशांना मी विषयात सगळ्यांचे मिळून जे झाले तेच लिहिले, ‘वाचनालय सोमवारी पुन्हा उघडले’, आणि पहिले वाक्य त्या सकाळचे ठेवले: ‘आठ वाजता पहिले आले ते पेपर वाचणारे आजोबा आणि त्यांनी आधी भिंतीवरची पाण्याची रेघ हाताने मोजून पाहिली.’ त्या मेलला आलेल्या उत्तरांत बहुतेकांनी एकच विचारले होते, रेघ कितपत वर आहे. आता पुढच्या मेलला तिचा फोटो जोडणार आहे.