टॉक्सिक स्कोअर वाढला म्हणून डिसअवाव करू नका

"टूलमध्ये टॉक्सिक स्कोअर ६० च्या वर दिसला की ते सगळे डोमेन दर महिन्याला डिसअवाव करा. स्पॅम लिंक म्हणजे पेनल्टी. सेफ साइडला केलेलं बरं, नुकसान तर काहीच नाही."

असा सल्ला साइटवाल्यांना सर्रास मिळतो. डिसअवाव म्हणजे आपल्या साइटकडे येणाऱ्या काही लिंका मोजू नका असं फाइल देऊन गूगलला सांगणं, आणि टॉक्सिक स्कोअर म्हणजे त्या लिंका किती वाईट आहेत याचा SEO टूलने लावलेला अंदाज. पहिलं म्हणजे हा स्कोअर गूगलचा नाहीच, टूल बनवणाऱ्या कंपनीने स्वतःच्या हिशोबाने काढलेला आकडा आहे, आणि गूगल तो बघत नाही.

दुसरं, स्पॅम लिंक म्हणजे पेनल्टी हे २०१२ च्या पेंग्विन या गूगलच्या लिंक-स्पॅमविरोधी अपडेटच्या वेळचं डोक्यात बसलंय. डिसअवाव टूलही त्याच वर्षी आलं. पण २०१६ मध्ये पेंग्विन ४ आल्यापासून गूगल अशा लिंका बहुतेक वेळा नुसत्या मोजत नाही, त्यासाठी अख्खी साइट खाली ढकलत नाही. वॉलपेपरच्या साइटी, स्क्रॅपर, कसिनोची पानं, हा कचरा सगळ्यांच्याच साइटला चिकटतो, सोडून द्या.

आता "नुकसान नाही" हे मला सगळ्यात जास्त खटकतं. माझ्या ओळखीच्या एकाची मसाल्यांची साइट आहे, त्याच्या एजन्सीने टूलची लिस्ट जशीच्या तशी अपलोड केली, २१० डोमेन. मी एकेक उघडून बघितले तर त्यात एका तालुक्याच्या बातम्यांची साधी साइट, दोन रेसिपी ब्लॉग आणि एका व्यापारी संघाची मेंबर लिस्ट होती, म्हणजे खऱ्या माणसांनी आपणहून दिलेल्या लिंका, डिझाइन जुनं म्हणून टूलने त्यांना टॉक्सिक ठरवलं असणार! आणि फाइल काढली तरी लगेच काही परत येत नाही, गूगलने ती पानं पुन्हा क्रॉल करेपर्यंत थांबावं लागतं.

मग लागतं कधी? गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये Manual actions उघडा, गूगलच्या माणसांनी साइटवर कारवाई केली असेल तर तिची नोटीस तिथे दिसते. तिथे "Unnatural links to your site" आलं असेल तर लागतं, किंवा तुम्ही वा आधीच्या एजन्सीने पैसे देऊन भरपूर लिंका घेतल्यात आणि ती नोटीस येईल असं दिसतंय तेव्हा. विकत घेतलेल्या लिंका ओळखायच्या तर अँकर, म्हणजे लिंक ज्या शब्दांवर लावलीय ते शब्द, बघा. खरी माणसं दुकानाचं नाव नाहीतर नुसता पत्ता टाकतात, पण एकमेकांशी संबंध नसलेल्या चाळीस ब्लॉगांवर तंतोतंत "बेस्ट कांदा लसूण मसाला ऑनलाइन" असेल तर त्या कुणीतरी लावून घेतल्यात, आणि तारखाही बहुतेक एकाच महिन्यातल्या निघतात.

अशा वेळी आधी त्या साइटवाल्यांना मेल करून लिंक काढायला सांगा, जे ऐकत नाहीत तेवढेच फाइलमध्ये घाला, साधी .txt, एका ओळीत एक:

```
domain:spam-blog.example
```

नवी फाइल जुनीच्या जागी बसते, त्यामुळे आधीची यादीही तिच्यात हवी. नोटीस आली असेल तर नुसती फाइल टाकून भागत नाही, साइट पुन्हा तपासा अशी रिकन्सिडरेशन रिक्वेस्टही पाठवावी लागते, आणि त्यात कुठल्या लिंका विकत घेतल्या होत्या, कुठल्या काढून घेतल्या ते खरंखुरं लिहा.