संध्याकाळी सहा ते नऊ, पण कुणाच्या घड्याळाने?

"मामा, अमेरिकेत रात्री काही घडलं की आपल्याला त्याचा फटका दुसऱ्या दिवशी सव्वानऊला बसतो. इन्फोसिस तिकडे पडतो आणि आपण नुसतं बघत बसतो. मग आपला बाजार संध्याकाळी सहा ते नऊ पुन्हा उघडला तर काय बिघडेल?"

हा माझ्या भाच्याचा प्रश्न. सत्र सुरू करायला माझी हरकत नाही. सहा ते नऊ या आकड्यांना मात्र आहे, आणि ती लंडनमध्ये राहूनच मनात आली.

मुंबईचा बाजार सव्वानऊ ते साडेतीन चालतो. लंडनचा तिथल्या आठला उघडतो. उन्हाळ्यात ते आपले साडेबारा असतात, म्हणजे दोन्ही बाजार तीन तास एकत्र चालू असतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं तासभर मागे जातात आणि लंडन आपल्या दीडला उघडू लागतं. तीनाचे दोन तास होतात. भारताचं घड्याळ जागचं हलत नाही, त्यामुळे मुंबईत बसलेल्या माणसाला काही बदललं असं वाटतच नाही.

मला ते 27 ऑक्टोबर 2025 च्या सोमवारी कळलं. घराच्या हप्त्यासाठी थोडे शेअर विकायचे होते. सकाळची बैठक आटोपून सव्वादहाला ऑर्डर टाकायची ही माझी उन्हाळ्यातली सवय. तेव्हा मुंबईत पावणेतीन वाजलेले असतात. त्या दिवशी पावणेचार झाले होते. फोनने वेळ आपोआप बदलली होती, पण माझ्या टिपणवहीत "मुंबई साडेचार तास पुढे" असंच होतं. बाजार बंद होऊन पाव तास झाला होता. विक्री दुसऱ्या दिवशी, मिळेल त्या भावाने झाली.

आता भाच्याचं सत्र घ्या. न्यूयॉर्क तिथल्या साडेनऊला उघडतं. उन्हाळ्यात आपले सात, हिवाळ्यात आठ. म्हणजे सहा ते नऊच्या सत्रात उन्हाळ्यात अमेरिकेसोबत दोन तास मिळतील, हिवाळ्यात एकच. शिवाय महागाईचे आणि रोजगाराचे आकडे तिथे साडेआठला येतात. ते उन्हाळ्यात आपल्या सहाच्या ठोक्यालाच पडतील, अगदी बाजार उघडताना, आणि हिवाळ्यात सातला. अमेरिका आणि ब्रिटन घड्याळं एकाच दिवशी बदलत नाहीत, हे आणखी वेगळं. त्या 27 ऑक्टोबरला लंडन मागे गेलं होतं, अमेरिका नव्हती. न्यूयॉर्क आठवडाभर आपल्या सातलाच उघडत राहिलं आणि 3 नोव्हेंबरला आठवर गेलं. मार्चमध्ये उलट होतं. अमेरिका आधी पुढे जाते आणि लंडन दोन-तीन आठवड्यांनी.

आपल्याकडे हे कुणाला ठाऊक नाही असं नाही. एमसीएक्स उन्हाळ्यात रात्री साडेअकराला बंद होतं आणि अमेरिकेची घड्याळं मागे गेली की अकरा पंचावन्नला. सोन्या-तेलाच्या बाजाराने परक्या घड्याळाशी जुळवून घेतलं, मग शेअर बाजाराच्या चर्चेत वेळ दगडावर कोरल्यासारखी का धरतात?

ऑफिसात भारतातले सौदे बघणाऱ्या सहकारिणीला मी हे ऐकवलं. तिचा मुद्दा वेगळा होता. "तासांचं सोड. एनएसईने असंच संध्याकाळचं सत्र मागितलं होतं, पण त्या प्रस्तावात फक्त निर्देशांकाचे फ्युचर्स-ऑप्शन्स होते. इन्फोसिसचा शेअर संध्याकाळी बंदच राहणार होता. न्यूयॉर्कमध्ये त्याचा एडीआर, म्हणजे तिथल्या बाजारात चालणारं त्याचं रूप, पडला तर तुझा भाचा निफ्टी विकून काय वाचवणार?" हे मला सुचलं नव्हतं. भाच्याची तक्रार रास्त आहे, पण त्याने मागितलेलं औषध त्या दुखण्याचं नाही. निफ्टीने एकंदर बाजाराची जोखीम झाकता येते, एका कंपनीची नाही.

तो प्रस्ताव 2024 मध्ये सेबीने परत पाठवला. दलालांकडून हवा तसा प्रतिसाद आला नव्हता. बहिणीला वाटलं मी दलालांची बाजू घेतोय. ती म्हणाली, "बँकेत आम्हाला सहाला सुट्टी मिळत नाही, यांना का मिळावी?" प्रश्न सुट्टीचा नाही. बाजार बंद झाल्यावर मार्जिनचे, सौद्यांचे हिशेब जुळवावे लागतात. नऊला बंद केला तर ते काम मध्यरात्रीपलीकडे जातं आणि छोट्या दलालाला दुसरी पाळी लावावी लागते. हा खर्च खरा आहे. त्याच्या बदल्यात हिवाळ्यात अमेरिकेचा एकच तास मिळणार असेल, तर तो दलाल का कुरकुरतो ते मला समजतं.

म्हणून भाच्याला लिहिलं: सत्र न्यूयॉर्कच्या घड्याळाला बांधा. उन्हाळ्यात सहा ते नऊ, हिवाळ्यात सात ते दहा. दोन तास बारा महिने मिळतील आणि आकडेही दर वेळी सत्राच्या सुरुवातीलाच येतील.

त्याचं उत्तर आलं, "मामा, दहाला बाजार बंद झाला तर दलालाचे हिशेब किती वाजता संपतील?" सहकारिणीला विचारलं. तिने ऐकलं आणि म्हणाली, "त्याचं बरोबर आहे."